किचनच्या सीलिंगला हिरवा बोर्ड सांगून साधा लावला

आम्ही ऐरोलीत राहतो. गेल्या एप्रिलमध्ये किचनला फॉल्स सीलिंग करून घेतलं. ओलसरपणा असल्यामुळे कंत्राटदारानेच सुचवलं, "ताई, साधा जिप्सम नको, हिरवा मॉइश्चर रेझिस्टंट बोर्ड लावू." चौरस फुटाला ३५ रुपये जास्त. ५६ फुटांचं किचन, म्हणजे जवळपास दोन हजारांचा फरक. आम्ही हो म्हटलं.

शीट्स आल्या तेव्हा वरची हिरवी होती. खालच्या दोन मी पाहिल्या नाहीत. संध्याकाळी घरी येईपर्यंत बोर्ड चढून जोडांवर टेप आणि पुट्टी लागली होती. रंग झाल्यावर सगळं सारखंच दिसतं.

जुलैत स्क्रूंच्या जागी तांबूस ठिपके उमटले, मग सिंकच्या वरचा जोड फुगला आणि बोर्डाला पोट आलं. इलेक्ट्रिशियनने तिथला दिवा काढला, तेव्हा भोकाच्या कडेला रंगाच्या खालचा कागद दिसला. तो हिरवा नव्हता, पांढुरका होता. माळ्यावर उरलेला एक तुकडा होता, त्याचाही कागद तसाच. मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: ५० ग्रॅम. दोन तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा ठेवला तर ६९. चांगला हिरवा बोर्ड एवढ्या वेळात वजनाच्या साधारण ५ टक्क्यांवर पाणी पीत नाही, कारण त्याच्या गाभ्यातच पाणी झटकणारं मिश्रण असतं. नुसत्या रंगावर जाऊ नका, वजन बघा.

कंत्राटदाराला बोलावलं तर म्हणाला, "वरून पीओपी मारून देतो, दगडासारखं होईल." इथे दुसऱ्यांदा फसलो असतो. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्समच. पाणी घातलं की घट्ट होऊन परत जिप्सम होतं आणि ओल तशीच शोषतं. शिवाय मऊ झालेल्या बोर्डावर त्याचं वजन आलं असतं. पैसे मात्र त्याने परत दिले नाहीत.

बोर्ड उतरवल्यावर स्लॅबवर ओलीचा डाग सापडला. वरच्यांच्या मोरीतून पाणी झिरपत होतं. खरं सांगायचं तर हिरवा बोर्डही इथे टिकला नसता. तो वाफ आणि दमटपणा सोसतो, थेंब थेंब गळणारं पाणी नाही.

म्हणून आधी गळती बंद करून घेतली आणि सिंकच्या बाजूला पीव्हीसी पॅनल लावले. पाण्याने त्यांना काही होत नाही आणि पुन्हा गळलं तर पॅनल उतरवून वर बघता येतं. पण पीव्हीसी उष्णतेने मऊ पडून वाकतं, म्हणून शेगडीच्या वरचा भाग त्यातून वगळला. तिथे हिरवाच बोर्ड आहे, आणि चिमणीचा पाइप थेट बाहेर काढलाय. या वेळी प्रत्येक शीट चढण्याआधी मी स्वतः उलटीसुलटी करून पाहिली आणि पुट्टी लागण्याआधी जोडांचे फोटो काढले.