मखराचे कापड आणि तीन छटांची एलईडी पट्टी : सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑगस्ट 2025 च्या सुरुवातीला मी घरच्या गणपतीसाठी 5 मीटर लांबीची, 12 व्होल्टवर चालणारी एलईडी पट्टी घेतली. रिमोटवरून तिच्या तीन छटा बदलता येतात : पिवळसर, मधली आणि शुभ्र. खोक्यावर त्या अनुक्रमे 3000, 4000 आणि 6500 केल्विन अशा लिहिलेल्या आहेत. मखराच्या पाठीमागे लावण्यासाठी त्याच दिवशी अडीच मीटर जांभळे सॅटिनही घेतले. त्यानंतर ही पट्टी नवरात्रात घटामागे, दिवाळीत, मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला आणि जानेवारीत हळदीकुंकवाला वापरली. पट्टी चांगली आहे, मात्र सजावट दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाहिल्याशिवाय तिची कोणतीही छटा पक्की करू नये, असे आता मी ठामपणे सांगेन. त्याची कारणे इथे सविस्तर लिहीत आहे.

कापड घेताना दुकानदार आपल्याला दारापाशी नेऊन उजेडात रंग दाखवतो आणि ते योग्यच आहे, कारण दुकानातल्या दिव्यांखाली रंग फसवतो. पण त्यामुळे तपासणी अर्धीच होते. माझे जांभळे कापड दारात सुरेख दिसले, घरी सकाळीही तसेच दिसले, आणि संध्याकाळी पिवळसर छटा लावल्यावर मात्र ते मळकट तपकिरी झाले. जांभळे कापड प्रकाशातला निळा आणि तांबडा भाग परतवते. पिवळसर दिव्याच्या प्रकाशात निळा भाग मुळातच कमी असतो, त्यामुळे परतवण्यासाठी मुख्यतः तांबडाच उरतो. शुभ्र छटेत कापड पुन्हा जांभळे झाले, पण तिच्यात सोनेरी किनार करडी आणि निस्तेज दिसू लागली. म्हणजे कापड आणि दिवा यांची निवड स्वतंत्रपणे करता येत नाही, ती जोडीनेच करावी लागते.

सणाला दोन आठवडे बाकी होते, म्हणून मी अर्धा अर्धा मीटर मोरपिशी, मोतिया आणि पांढरे कापड आणून मखराच्या जागीच भिंतीवर लावले. ते सकाळी अकराला, दुपारी चारला आणि रात्री आठला पाहिले. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे, त्यामुळे चारची वेळ सोडून चालणार नव्हते. पांढऱ्या कापडाने सर्वांत जास्त निराशा केली. बाजारातल्या बऱ्याच शुभ्र कापडांत आणि कागदांत चमक आणणारे द्रव्य असते, जे सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे निळसर उजळते. साध्या एलईडीत ते किरण जवळजवळ नसतात, म्हणून दिवसा दुधासारखे दिसणारे कापड रात्री जुनाट वाटले. मोतिया दिवसा थोडा फिका होता, पण पिवळसर छटेत त्याला सुंदर सोनेरी तेज आले. मोरपिशी रात्री हिरवटाकडे झुकला, तरी तिन्ही वेळा आपली ओळख राखून राहिला. शेवटी मी मोरपिशी कापड आणि मोतिया झालर असे ठरवले.

ही तुलना मोबाइलच्या छायाचित्रांवरून करू नये. कॅमेरा रंगांचा तोल आपोआप सावरून घेतो आणि डोळ्यांना जाणवणारा फरक त्यात पुसला जातो. डोळेही सावरून घेतात, पण त्यांना थोडा वेळ लागतो. म्हणून दिवा लावल्यावर निदान दहा मिनिटे त्याच खोलीत बसावे आणि मग निर्णय घ्यावा. माझी एक चूक इथे सांगितली पाहिजे. पहिल्या रात्री मी हॉलमधली ट्यूब बंद करून सगळे पाहिले होते. प्रत्यक्षात आरतीला ट्यूब चालू असते, आणि तिच्या शुभ्र प्रकाशाशेजारी तीच पिवळसर पट्टी नारिंगी भासते. पाहुणे ज्या दिव्यांत बसणार आहेत, तेच दिवे लावून पाहणे आवश्यक आहे. आम्ही अखेर ट्यूब बंद ठेवून छतावर पिवळसर बल्ब लावला.

सॅटिनबद्दलही लिहिते. दिवसा खिडकीतून येणारा उजेड सगळीकडून सारखा पडतो, म्हणून सुरकुत्या फारशा दिसत नाहीत. रात्री चौकटीच्या कडेला लावलेल्या पट्टीचा प्रकाश कापडावरून तिरपा सरकतो आणि प्रत्येक घडी सावलीसकट उठून दिसते. शिवाय चकचकीत पोतात एलईडीचे ठिपके वेगवेगळे उमटतात. बिनचमकीचे सुती कापड इस्त्री करून ताणून लावल्यावर दोन्ही अडचणी मिटल्या. उलट वायर, चिकटपट्टी आणि डिंकाचे डाग रात्री लपतात आणि सकाळच्या पूजेला स्पष्ट दिसतात.

मूर्ती आदल्या दिवशीच घरी येते, त्यामुळे प्रकाश कुठून पडावा हे आधी कसे पाहायचे, हा प्रश्न होता. मी मूर्तीच्या उंचीचा डबा पाटावर ठेवला, त्याला फिकट गुलाबी कागद गुंडाळला आणि पुढे सोंडेच्या जागी कागदाची सुरळी लावली. पट्टी पाटाच्या कडेला खाली लावली होती, तेव्हा सुरळीची सावली वर चेहऱ्याच्या जागेवर पडली. दिवसा पट्टी लावूनही हे कळले नव्हते, कारण खिडकीच्या उजेडापुढे तिचा प्रकाश नगण्य ठरतो. मग पट्टी मखराच्या वरच्या पुढच्या चौकटीत, आतल्या बाजूने लावली. दुपारी चारनंतर ऊन अर्ध्या मखरावर येत होते, त्यासाठी खिडकीला पातळ पडदा पुरला.

नवरात्रात या पट्टीची खरी उणीव कळली. तिच्या प्रकाशात जास्वंद आणि कुंकू विटकरी दिसतात. खोक्यावर रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, 80 लिहिला आहे, आणि असे दिवे गडद तांबडा रंग नीट दाखवतीलच असे नसते. ऑक्टोबरमध्ये मी 90 च्या वरचा एक छोटा फोकस दिवा घेतला, तेव्हा कुंकवाला त्याचा रंग परत मिळाला. आता कोणताही दिवा घेतला की मी हळद, कुंकू आणि विड्याचे पान एका ताटलीत ठेवून आधी खिडकीशी आणि मग त्या दिव्याखाली पाहते. या तीन वस्तूंचे रंग आपल्या इतके ओळखीचे असतात की खोट लगेच लक्षात येते.

दिवाळीत त्याच खोक्यातल्या प्रकारची दुसरी पट्टी आणून पहिलीला जोडली. बंद असताना दोन्ही सारख्याच दिसत होत्या, पण रात्री नवीन पट्टी थोडी गुलाबीसर निघाली आणि दहा मीटरच्या शेवटच्या टोकाला प्रकाश मंदावला. लांबी वाढली की पट्टीतल्या तारेत व्होल्टेज कमी होत जाते, म्हणून दुसऱ्या पट्टीला स्वतंत्र अडॅप्टर दिल्यावर मंदपणा गेला. छटेतला फरक मात्र तसाच राहिला, कारण दोन वेगवेगळ्या वेळी बनलेल्या मालात तो येऊ शकतो. एकाच जागी लावायच्या पट्ट्या एकाच वेळी घ्याव्यात आणि दुकानातच शेजारी लावून पाहाव्यात.

दमट भिंतीवर पट्टीची चिकट बाजू चार दिवसांत सुटली, म्हणून आता मी ती लाकडी चौकटीवर क्लिपांनी बसवते. आणखी एक गोष्ट घेणाऱ्यांना माहीत असावी. वीज जाऊन आली की ही पट्टी निवडलेली छटा विसरते आणि शुभ्र छटेत सुरू होते, त्यामुळे रिमोट मखराजवळच ठेवावा लागतो.