तुपाच्या डब्याने घातलेला २२,५०० रुपयांचा गंडा

लिहायलाही लाज वाटतेय. मी लग्नाचे व्हिडिओ करतो, थ्रीडी माझा प्रांत नाही; पण अगदीच अडाणीही नाही, म्हणूनच जास्त झोंबतंय.

एका डेअरीसाठी १४ सेकंदांचा शॉट होता. देवळासमोरच्या चौकात चालत चालत घेतलेला, आणि मधोमध पुरुषभर उंचीचा तुपाचा डबा उभा. तो थ्रीडी डबा बसवायचं काम ऑनलाइन भेटलेल्या एकाला दिलं. त्याने ९,००० आगाऊ घेतले. तिसऱ्या दिवशी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट आला: `Solve error: 0.38 px`. म्हणजे ट्रॅक केलेले ठिपके आणि सॉफ्टवेअरने शोधलेला कॅमेरा यांच्यात सरासरी अर्ध्या पिक्सेलचाही फरक नाही, काम चोख. मी खुशीत ७,५०० पाठवले.

त्याच स्क्रीनशॉटच्या खाली शेवटची फ्रेम १२० होती. माझी क्लिप सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे ३५० हव्यात! तो आकडा भलत्याच क्लिपचा होता. रात्रीचा दीड, डोळ्यावर झोप, ऐन लग्नसराई. कोण बघतं खालचे आकडे? पण दिसत होते ते. अजूनही तो स्क्रीनशॉट उघडून बघतो आणि स्वतःलाच शिव्या घालतो.

मग ‘रेंडरचे’ ६,००० गेले आणि व्हिडिओ आला. मी दोन पावलं पुढे गेलो की डबा फरशीवरून घसरतो. साडेचारचं ऊन, लोकांच्या सावल्या उजवीकडे लांबलेल्या. डब्याखाली मात्र भरदुपारचा काळा गोळा. शॅडो कॅचर म्हणजे स्वतः न दिसता फक्त सावली झेलणारा पृष्ठभाग. तो फरशीला आणि पायरीलाही लावला असता, तर सावली पायरीवर मोडून वर चढली असती. आणि डब्याच्या चकचकीत पत्र्यात काय दिसतं? पाइनचं जंगल! कुठला तरी फुकटचा एचडीआरआय, म्हणजे थ्रीडी वस्तूवर प्रकाश आणि प्रतिबिंब पाडायला वापरतात तो चौफेर फोटो. आमच्या चौकात एक कडुनिंब आहे, बस्स.

दुसरा हप्ता देण्याआधी फरशीवर चार साधे थ्रीडी शंकू ठेवलेली टेस्ट क्लिप मागा. शंकू हलले तर पैसे देऊ नका.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ठेवलं. “सावली चुकली म्हणून तक्रार?” असं म्हणून साहेबांनी शेजारच्यालाही व्हिडिओ दाखवला, दोघं हसले. मग म्हणे काम तर दिलंय ना, हा दिवाणी वाद. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगाबद्दल विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा, अडचण येईल. मग जायचं कुठे? प्रत्येक टेबलावर सोल्व्ह एरर म्हणजे काय इथपासून सुरुवात, आणि शेवटी “लेखी द्या, बघू.” लेखी चार वेळा दिलंय.

ब्लेंडरमधल्या कामाची मूळ `.blend` फाइल आधी ताब्यात घ्या. मी मागितली तेव्हा तो म्हणाला, “करप्ट झाली दादा.”

डेअरीवाल्याने काम रद्द केलं. आणि परवा त्या थ्रीडीवाल्याचाच मेसेज: सावलीचं करेक्शन हवं असेल तर २,५०० पडतील.