‘वरचे निम्मे’ या दोन शब्दांत १०,५३० रुपये गेले

कुणाला वाटेल एवढं काय लिहायचं यात, पण वीजबिल कसं वाटून घ्यायचं याची एका घरमालकाने लिहिलेली चिठ्ठी अजून झोपताना डोळ्यासमोर येते म्हणून लिहितोय. आणि हो, चिठ्ठीचं इंग्रजी मीच करून दिलं होतं, ते आधीच सांगून टाकतो.

एप्रिलमध्ये आमच्या शॉपमधल्या एका मुलाला पाथर्डी फाट्याकडे रूम बघून दिली. मुलगा ओडिशाचा, हिंदी मोडकीतोडकी, इंग्रजी चांगलं, मराठी शून्य. वन आरके, भाडं ६,५००, डिपॉझिट २०,०००. मालक वरच्या मजल्यावर, रूम खाली, वीज कंपनीचं मीटर एकच आणि खाली सब मीटर. आता हे काही नवीन नाही, अर्ध्या नाशकात असंच चालतं.

मालकांनी डायरीचं पान फाडून निळ्या पेनने लिहून दिलं होतं. अक्षर गिचमिड, आकडे मराठीत. शब्द असे होते: “मीटर एकच आहे. खालचे सब मीटरप्रमाणे. वरचे निम्मे. मागचे असेल ते धरून.” मला म्हणाले, साहेब, तुम्हीच याला इंग्रजीत लिहून द्या, म्हणजे उद्या वाद नको.

मी टेबलावर बसून लिहायला लागलो. ‘वरचे’ पाशी पेन थांबलं होतं, शप्पथ सांगतो थांबलं होतं. मी विचारलं, “काका, वरचे म्हणजे वरचे चार्जेस ना? स्थिर आकार, टॅक्स वगैरे?” ते म्हणाले, “वरचे म्हणजे वरचे हो, लिहा ना, सगळ्यांना माहितीये.” तेवढ्यात आतून काकू चहा घेऊन आल्या आणि विषय गेला. मी लिहिलं, बॅलन्स अमाउंट फिफ्टी फिफ्टी. ‘मागचे’ म्हणजे मला वाटलं मागचं रीडिंग धरून मोजायचं, म्हणून लिहिलं इन्क्लूडिंग प्रीव्हियस. मुलाने सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. मालकांनी मराठी चिठ्ठी घडी घालून स्वतःच्या खिशात टाकली आणि आम्हाला इंग्रजी कागद दिला. तिथंच, त्या घडी घालण्याच्या वेळीच, मला कळायला पाहिजे होतं. ज्याच्या मनात काही नाही तो आपल्या हाताने लिहिलेला कागद परत का घेईल? मी फोटोसुद्धा काढला नाही.

आता मी काही भाषांतरवाला नाही, शॉप सुपरवायझर आहे. मराठी माणूस ‘वरचे पैसे’ म्हटलं की जास्तीचे, इतर खर्चाचेच समजतो, मी पण तेच समजलो, आणि समोर वयाने मोठा माणूस चहा पाजत असताना किती उलटतपासणी करायची? पण ‘वरचे’चा खरा अर्थ त्यांच्या डोक्यात वरच्या मजल्याचे युनिट असा होता. आणि ‘मागचे’ म्हणजे मागची थकबाकी, मुलगा यायच्या आधीची.

पहिल्याच महिन्यात ४,८५० मागितले. एक पंखा, एक कूलर, एक छोटा फ्रिज. मुलगा मला म्हणाला, सर, बहुत ज्यादा है. आणि मी, मीच म्हणालो, अरे उन्हाळा आहे. मालक बिल दाखवायचे नाहीत, फक्त आकडा लिहिलेली चिटोरी. ऑगस्टपर्यंत पाच महिने असंच.

ऑगस्टच्या शेवटी एक जुनं बिल गेटजवळच्या पत्रपेटीत सापडलं. त्यावरचा ग्राहक क्रमांक घेऊन मी कंपनीच्या साइटवर बिलं पाहिली. एप्रिलचं सांगतो. एकूण वापर ४१० युनिट, त्या महिन्याचं बिल ५,७४०, म्हणजे सगळे आकार धरून युनिटला १४ रुपये. सब मीटरवर मुलाचे १३० युनिट. १३० गुणिले १४, झाले १,८२०. एवढंच त्याचं देणं. राहिलेले ३,९२० वरच्या मजल्याचे, त्याचे निम्मे १,९६० पण त्याच्याच माथी. शिवाय बिलात थकबाकीची वेगळी ओळ, २,१४०, त्याचे निम्मे १,०७०. बेरीज करा, बरोबर ४,८५०. वरचा एसी, गिझर, पाण्याची मोटर, सगळ्याचं अर्धं बिल हा १२ तास उभं राहून काम करणारा पोरगा भरत होता. पाच महिन्यांचे जास्तीचे ९,४६० आणि थकबाकीचे १,०७०, एकूण १०,५३०.

आणि त्या १४ रुपयातही गंमत नाही, खरा मार आहे. घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत जास्त, ५०० पर्यंत अजून जास्त. मुलाचं वेगळं मीटर असतं तर त्याचे १३० युनिट बहुतेक खालच्या दरात बसले असते, पण मालकाच्या २८० मुळे सरासरीच चढते. हे सब मीटरवाल्या प्रत्येकाचं होतं, फसवणूक नसली तरी.

मी वर गेलो. काका शांत, कागद पुढे केला, “तुमचंच इंग्रजी आहे ना? बॅलन्स फिफ्टी फिफ्टी. बॅलन्स म्हणजे उरलेलं.” माझ्याच अक्षरात. मला बोलता येईना. मुलगा जास्त बोलला तर खालचा एमसीबी पाडीन म्हणाले.

वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो तर खिडकीवरचे म्हणाले, आमचा ग्राहक मालक आहे, सब मीटर तुमचं खाजगी, आम्ही त्यात पडत नाही. बरं, मग वेगळं मीटर द्या, तर मालकाची एनओसी आणा. ज्याच्याविरुद्ध आलोय त्याचीच एनओसी! तीन चकरा, तीन हाफ डे. चौकीत तर अर्ज घ्यायलाच तयार नाहीत. म्हणे सही आहे ना, सिव्हिल मॅटर आहे, आणि करार रजिस्टर नाही तर काही होत नाही. हे ऐकून आलो आणि नंतर एका वकिलाने सांगितलं की उलटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी करून रजिस्टर करणं मालकाची जबाबदारी, आणि रजिस्टर नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. आणि योग्य कारणाशिवाय वीज तोडायला कलम २९ प्रमाणे मनाई आहे. हे चौकीतल्या माणसाला माहीत नसावं? की माहीत असून त्रास नको?

कुणाची चिठ्ठी इंग्रजीत करून देत असाल तर शब्दाला शब्द लावत बसू नका, मालकाला मागच्या महिन्याचं बिल समोर ठेवून त्याच कागदावर एक हिशोब रुपयात करायला लावा. आकडा आला की ‘वरचे’ लपत नाही. मराठी कागद भाडेकरूकडे राहिला पाहिजे, निदान फोटो. आकडे इंग्रजीत पण लिहा, आपला १ मराठी न येणाऱ्याला ९ वाटतो. ग्राहक क्रमांक पहिल्या दिवशी घ्या, दर महिन्याला बिल स्वतः बघा. खालचं सगळं बंद करून सब मीटरचा लाल दिवा बघा, तरी लुकलुकत असेल तर तुमच्या तारेवर दुसरं कुणीतरी आहे. आणि वाक्य असं लिहा: थकबाकी आणि व्याज सोडून त्या महिन्याचं बिल, भागिले मेन मीटरचे युनिट, गुणिले सब मीटरचे युनिट, याशिवाय काही नाही.

मुलाला मी माझ्या खिशातून ५,२६५ दिले, निम्मे. तो नको म्हणत होता. वकिलाची नोटीस गेलीय, उत्तर नाही. डिपॉझिटचे २०,००० अजून वरच अडकलेत, आणि काल तिकडून जाताना पाहिलं तर गेटवर पुन्हा पाटी लागलीय, रूम भाड्याने देणे आहे.