बस त्यांनी रद्द केली, आणि 'कॅन्सल' मला दाबायला सांगितलं

बस सुटायला काही तास उरले असताना ट्रॅव्हल्स कंपनीचा मेसेज आला, की तांत्रिक कारणामुळे फेरी रद्द केली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाड्या बंद पडतात, चालक आजारी पडतात. खरा खेळ त्यानंतर सुरू झाला आणि तो इतका गोड बोलून झाला, की माझ्याबरोबरचे बरेच प्रवासी त्यात अलगद अडकले.

मेसेजपाठोपाठ फोन आला. पलीकडचा मुलगा अगदी आदबीने म्हणाला, "सर, तुम्ही ॲपमध्ये जाऊन तिकीट कॅन्सल करून टाका, म्हणजे रिफंड लवकर निघेल." मी विचारलं, "फेरी तुम्ही रद्द केलीत ना? मग तिकीट मी का रद्द करू?" यावर तो "सिस्टिममध्ये तसंच करावं लागतं" एवढंच म्हणत राहिला. मी ते बटण दाबलं नाही.

त्या बटणात सगळी मेख आहे. कंपनीने फेरी रद्द केली तर नोंद कंपनीच्या नावावर पडते आणि भाडं पूर्ण परत द्यावं लागतं. प्रवाशाने तिकीट रद्द केलं तर मात्र रद्दीकरण शुल्क लागू होतं, आणि बस सुटायची वेळ जितकी जवळ तितकी कपात मोठी. शेवटच्या काही तासांत तर बहुतेक ठिकाणी हाती काहीच उरत नाही. म्हणजे बस त्यांची रद्द आणि दंड आपल्याला. त्याच फेरीतल्या एका सहप्रवासी ताईंनी फोनवरच्या मुलावर विश्वास ठेवून बटण दाबलं. त्यांना जेमतेम निम्मं भाडं परत मिळालं. त्यांनी दाद मागितली, तर कंपनीने त्यांनाच उलट नोंद दाखवली: 'प्रवाशाच्या विनंतीवरून रद्द'. कागदावर ते खोटंही नव्हतं.

माझं तिकीट तसंच राहिलं. मी मेसेजचा स्क्रीनशॉट काढला आणि ॲपमधल्या तिकिटाचाही काढला. पुढे त्याचाच उपयोग झाला, कारण काही दिवसांनी ॲपमधली ती फेरी 'प्रवास पूर्ण' म्हणून दिसू लागली. फेरीची वेळ उलटली की काही ॲप तसं आपोआप दाखवतात. ते मुद्दाम केलं असेलच असं नाही, पण भांडणात पुरावा म्हणून ते कंपनीच्याच कामी येतं.

पुढचा टप्पा टोलवाटोलवीचा. तिकीट एका बुकिंग ॲपवरून काढलं होतं. ॲपवाले म्हणाले, ऑपरेटरने रद्द झाल्याचं कळवलेलं नाही. ऑपरेटर म्हणाला, पैसे ॲपकडे आहेत. कोणाकडे तक्रार करायची हे ठरवायला बँक स्टेटमेंट बघा. पैसे ज्याच्या नावाने वळते झाले असतील, परतावा त्याच्याच खात्यातून निघायला हवा. माझ्या स्टेटमेंटवर ऑपरेटरचं नाव होतं. ते दाखवल्यावर ऑपरेटरचा सूर बदलला आणि नवीन वाक्य सुरू झालं: "रिफंड प्रोसेसमध्ये आहे."

या वाक्यावर लोक महिनोन्‌महिने थांबतात. कार्डाने दिलेले पैसे खरोखर परत पाठवले, की त्या व्यवहाराला २३ अंकी संदर्भ क्रमांक मिळतो. त्याला एआरएन म्हणतात. तो क्रमांक घेऊन आपली बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. कंपनी क्रमांक देऊ शकत नसेल, तर बहुतेक वेळा तिच्या बँकेकडे परताव्याचा व्यवहार गेलेलाच नसतो. याला एक अपवाद आहे. पैसे भरल्याभरल्याच व्यवहार मागे घेतला असेल तर मूळ नोंदच स्टेटमेंटवरून नाहीशी होते आणि वेगळा क्रमांक मिळत नाही. पण रक्कम स्टेटमेंटवर पक्की दिसत असेल, तर हा अपवाद लागू होत नाही.

म्हणून फोन बंद केले आणि ईमेलने पत्र पाठवलं. जसं पाठवलं तसंच देतो, फक्त तारखा आणि क्रमांक काढले आहेत.

'महोदय, सोबतच्या तिकिटावरची फेरी आपण स्वतः रद्द केलीत. आपला मेसेज जोडला आहे. मी तिकीट रद्द केलेलं नाही आणि मला पर्यायी बसही देण्यात आली नाही. त्यामुळे रद्दीकरण शुल्क लागू होत नाही. भाडं आणि बुकिंग शुल्क मिळून पूर्ण रक्कम, ज्या कार्डावरून घेतली त्याच कार्डावर परत करावी. कूपन किंवा वॉलेटमधली रक्कम मला मान्य नाही. परतावा पाठवला असल्यास त्याची तारीख, रक्कम आणि एआरएन कळवावा. पाठवला नसल्यास तसं स्पष्ट लिहावं. सात दिवसांत यांपैकी काहीही न मिळाल्यास, सेवा न मिळाल्याच्या कारणावरून मी बँकेकडे या व्यवहारावर हरकत नोंदवीन.'

संताप, मनस्ताप, हुकलेला कार्यक्रम, यातलं काहीही पत्रात घातलं नाही. घातलं असतं तर उत्तर त्यालाच आलं असतं: 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. एआरएनच्या मागणीला मात्र दिलगिरी हे उत्तर होऊ शकत नाही.

तरी त्यांनी प्रयत्न केलाच. आधी जास्त रकमेचं कूपन देऊ केलं, तेही थोड्याच महिन्यांची मुदत असलेलं. मग माझी तक्रार 'निवारण झाले' म्हणून बंद करून नवी तक्रार नोंदवायला सांगितलं. नवी तक्रार म्हणजे मुदत पुन्हा पहिल्यापासून. मी त्याच जुन्या ईमेलला उत्तर देत राहिलो, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका ठिकाणी राहिला.

मुदत संपली आणि बँकेत हरकत नोंदवली. बँकेच्या भाषेत याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत सेवाच न मिळाल्याच्या प्रकरणात साधारण १२० दिवसांची मुदत असते आणि ती सहसा प्रवासाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात. "प्रोसेसमध्ये आहे" ऐकत बसलात तर हीच मुदत हातून जाते. मला तर वाटतं, काही कंपन्यांचा वेळकाढूपणा याच हिशेबाने चालतो. बँकेने तिकीट, रद्दीचा मेसेज आणि कंपनीला लिहिलेलं पत्र मागितलं. आधी कंपनीकडे मागणी केली होती हे दाखवावं लागतं, ते या पत्रामुळे सहज दाखवता आलं. रोखीने किंवा खात्यातून थेट पैसे पाठवले असतील तर ही वाट सहसा मिळत नाही. तिथे ग्राहक तक्रारीचाच मार्ग उरतो.

हरकत नोंदवल्यावर कंपनीचा फोन आला, तोच आदबशीर आवाज. "सर, रिफंड आजच करतो, फक्त बँकेतली तक्रार मागे घ्या." मी सांगितलं, पैसे खात्यात दिसले की घेईन. मागे घेतलेली हरकत पुन्हा उघडायला बँका सहसा तयार नसतात, हे त्यालाही ठाऊक असणार. शेवटी एआरएन आला आणि पाठोपाठ भाडंही आलं. बुकिंग शुल्क मात्र कापलेलं होतं. बँकेतली हरकत मी तेवढ्या रकमेपुरती चालू ठेवली आहे आणि त्या ताईंनाही त्यांचा रद्दीचा मेसेज जोडून कापलेल्या भाड्यासाठी असंच पत्र लिहायला सांगितलं आहे.