सोलर एरेटरचे अकरा महिने: रात्री किती वाजता चालवायचा, हे कळायला त्रेचाळीस कटले गेले

कवठेमहांकाळ तालुक्यात आमचं शेततळं आहे. वरून 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, कागद टाकलेलं. म्हैसाळ उपसा योजनेचं आवर्तन आलं की भरून घ्यायचं आणि द्राक्षाला वापरायचं. पाणी नुसतं पडून राहतं म्हणून दोन वर्षांपासून त्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडतो. मागच्या फेब्रुवारीत पाण्यात ऑक्सिजन मिसळणारा सोलर एरेटर बसवला. अर्धा एचपीची 48 व्होल्टची बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेली मोटर, त्यावर पाणी उडवणारं पॅडलव्हील, 335 वॅटची दोन पॅनेल आणि 100 अँपिअर-अवरच्या चार लेड ॲसिड बॅटऱ्या असा सेट होता. विकणाऱ्याने सांगितलं, "संध्याकाळी सातला चालू करा आणि निवांत झोपा, रात्रभर चालतो."

मशीनबद्दल आधी सांगून टाकतो. मोटरची एकही तक्रार नाही. आवाज कमी आहे आणि बीएलडीसी असल्यामुळे चालू होताना झटका घेत नाही. शेजाऱ्याचा साधा एक एचपीचा सिंगल फेज एरेटर इन्व्हर्टरवर चालू करताना दर दुसऱ्या वेळी ट्रिप व्हायचा, तसलं काही इथे झालं नाही. कागदाला भोक पडू नये म्हणून खुंट्या न ठोकता चारी बांधांवरून दोऱ्या ताणून तरंगता ठेवलाय. तक्रार आहे ती हिशेबाची. हा सेट आमच्या तळ्याच्या रात्रीसाठी मोजलेलाच नव्हता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला अण्णांनी हाक मारली, "आरं ऊठ, मासं समदं वर आल्यात." जाऊन पाहिलं तर कटले पाण्याच्या पातळीला तोंडं वासून हवा गिळत होते आणि एरेटर बंद होता. सकाळपर्यंत त्रेचाळीस मेले, त्यातले बहुतेक मोठे. लहान मासे बहुतेक तगले. पाण्यात विष गेलं असतं तर लहान-मोठं असं काही पाहिलं नसतं. आधी मोठे गेले आणि तेही पहाटे, म्हणजे ऑक्सिजनच कमी पडला. (आमच्या बाजूला द्राक्षाची फवारणी चालूच असते, त्यामुळे पहिला संशय शेजाऱ्यावर गेला होता. त्याची माफी मागून झाली.)

कंट्रोलरमध्ये पाहिलं तर रात्री सव्वाबाराला बॅटरी कट झाली होती, आणि तसं रोजच होत होतं. कारण साधं होतं. 670 वॅटची पॅनेल आमच्या मार्चच्या उन्हात, सगळी घट धरून, दिवसाला पावणेतीन युनिट देतात. लेड ॲसिडमध्ये भरून परत काढताना पाचवा हिस्सा जातो, म्हणून हातात राहतात 2.2 युनिट. मोटर बॅटरीवरून 420 वॅट ओढते. म्हणजे सव्वापाच तास. सातला सुरू केलं की सव्वाबाराला संपलं. बॅटऱ्या चार होत्या, पण त्या पुरेशा भरायला तेवढी पॅनेलच नव्हती.

मग मित्राकडून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, मोजणारा मीटर आणला. हवेत धरून कॅलिब्रेट केला, दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारली आणि संध्याकाळी सहाला तळ्याच्या मधोमध सोडला. वरच्या पाण्यात लिटरला 9.6 मिलिग्रॅम, मध्ये साडेसहाच्या आसपास आणि तळाला फक्त 2.1. सगळ्याची सरासरी 6.1. वरचाच आकडा घेतला असता तर तळं भरल्यासारखं वाटलं असतं. पहाटे सहाला परत मोजलं तर सरासरी 2.2. त्या रात्री एरेटर मुद्दाम बंद ठेवला होता आणि मी बांधावरच झोपलो होतो. मासे तडफडले तर लगेच चालू करता यावा म्हणून बॅटरी भरलेली ठेवली होती.

बारा तासांत 3.9 उतरले, म्हणजे तासाला जवळजवळ 0.33. पाणी तेव्हा 2.4 मीटर होतं, म्हणजे बांधाचा उतार धरून साधारण 17 लाख लिटर. त्याने गुणलं की तळं तासाला अर्धा किलोच्या थोडं वर ऑक्सिजन खातं. आता मासे किती खातात? सहाशे किलो मासा आणि किलोला तासाला पाव ग्रॅम धरला तर दीडशे ग्रॅम. उरलेले जवळजवळ चारशे ग्रॅम हिरवं पाणी आणि तळाचा गाळ खातो. हे मला माहीतच नव्हतं. जे शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं तेच रात्री तो पितं, आणि माशांपेक्षा जास्त पितं. त्यामुळे माशांच्या नुसत्या वजनावरून एरेटर निवडला तर हिशेब चुकणारच.

दुसरी चूक विकणाऱ्याच्या सातच्या वेळेत होती. आमच्या उंचीला 28 अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन साडेसातच्या आतच मावतो. संध्याकाळी वरच्या थरात तो साडेनऊच्या वर असतो, म्हणजे पाणी आधीच तुडुंब. अशा वेळी पॅडल पाणी उडवतं तेव्हा ऑक्सिजन आत जाण्याऐवजी बाहेर पडतो. म्हणजे आम्ही रोज बॅटरी खर्च करून तळ्यातला ऑक्सिजन हवेत सोडत होतो, आणि खरी गरज असायची त्या वेळी बॅटरी रिकामी. पत्रकावर एका युनिटला दोन किलो ऑक्सिजन लिहिलेला असतो, तो स्वच्छ, 20 अंशाच्या आणि ऑक्सिजन अजिबात नसलेल्या पाण्यातला. आपल्या कोमट हिरव्या पाण्यात डीओ तीन-चार असताना त्याच्या निम्मा धरावा. म्हणजे आमची मोटर तासाला 400 ग्रॅम देते, तेही पहाटे.

मग एक पैसा न घालता फक्त टायमर बदलला. दुपारी बारा ते दोन मोटर थेट पॅनेलवर चालवायची आणि वरचं भरलेलं पाणी तळाशी ढकलायचं. थोडा ऑक्सिजन उडतो, पण तळाचा साठा भरतो. आठवड्याभराने संध्याकाळची सरासरी 6.1 वरून 7 वर गेली. पॅडल खोलवर फार ढवळत नाही, म्हणून हे एका दिवसात होत नाही. आणि पहिल्या दिवशी दोन तास चालवूही नका. तळाला सडलेला गाळ असेल तर घाण वर येते. आम्ही पंधरा मिनिटांनी सुरुवात केली तरी सडक्या अंड्याचा वास आला होता. रोज थोडं वाढवत गेलो.

नंतर एरेटर थेट पहाटे तीनला. संध्याकाळी साडेसहाला 7, तिथून तासाला 0.33 उतरत तीनला 4.2 च्या आसपास. पुढे मोटर 400 ग्रॅम देते आणि तळं साडेपाचशे खातं, म्हणजे उतार थांबत नाही पण तासाला 0.1 च्या आत येतो. सातला मोजलं तर 3.9. सूर्य उगवला की लगेच बंद करू नका, शेवाळाला कामाला लागायला तासभर जातो. याला बॅटरीतून चार तासांचे 1.7 युनिट लागतात. दुपारचं ढवळणं वजा जाता पॅनेल तेवढे कसेबसे भरत होती. म्हणजे ज्या सेटवर त्रेचाळीस मासे मेले, त्याच सेटवर एप्रिल निघाला.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेला पाणी लागतं आणि तळं खाली जातं. मे मध्ये पाणी दीड मीटरवर आलं, म्हणजे दहा लाख लिटरच्या आत. मासे तेवढेच, पाणी जवळपास निम्मं, त्यामुळे ऑक्सिजनचा साठाही निम्मा आणि उतार जास्त वेगाने. इथे पॅनेल वाढवून भागत नाही. आम्ही अडीचशे किलो मासा काढून विकला. भाव पडलेला होता, पण मेलेल्या माशाला तोही मिळत नाही.

जुलैने दुसरा धडा दिला. आमच्याकडे पाऊस बेताचा, पण आभाळ आठ-आठ दिवस दाटलेलं असतं. पॅनेल दिवसाला पाऊण युनिटसुद्धा देईनात. रोज खोलवर उतरवल्यामुळे आणि पत्र्याच्या पेटीत उन्हाळाभर भाजल्यामुळे लेड ॲसिड बॅटऱ्याही सहा महिन्यांत बसल्या. ऑगस्टमध्ये त्या भंगारात दिल्या, 51 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची एलएफपी, म्हणजे लिथियमची बॅटरी घेतली आणि 540 वॅटची दोन पॅनेल जोडली. नवीन पॅनेलला वेगळा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर लावला. जुन्या-नव्याची एकच माळ केली तर मोठं पॅनेल लहानाच्या चालीने चालतं. सगळं मिळून लाखाच्या थोडं वर गेलं. बॅटरी आता विटांच्या कोनाड्यात, सावलीत आहे.

पॅनेलचं माप पावसाळ्याच्या बऱ्या दिवसावर, म्हणजे तीन तासांच्या पूर्ण उन्हावर काढलं. रात्री सहा तासांचे अडीच युनिट, भरण्या-काढण्यातली घट धरून 2.8, अधिक दुपारचे 0.8. एकूण 3.6. तीन तास आणि पाऊण कार्यक्षमतेने भागलं की 1,600 वॅट येतं. आमच्याकडे आता 1,750 आहे.

तरी गच्च आभाळाला हे पुरत नाही, हे आधीच सांगतो. अशा दिवशी शेवाळ ऑक्सिजन करत नाही, म्हणून दुपारचं ढवळणं बंद ठेवतो, आणि रात्री अकरालाच एरेटर लावावा लागतो. आठ तासांचे 3.4 युनिट. बॅटरीतून वापरण्यासारखे 4.4 आहेत, दिवसाला दोनच भरतात. हिशेब केला तर दुसऱ्याच रात्री पहाटे सहाच्या सुमाराला बॅटरी संपते. सप्टेंबरात तसंच झालं. आता ढग दिसले की खाद्य त्याच दिवशी थांबवतो आणि घरच्या सिंगल फेजवरून 48 व्होल्टचा चार्जर लावतो. थ्री फेजची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते, तिच्या भरवशावर मासा ठेवता येत नाही.

देखभालीत सांगण्यासारख्या दोनच गोष्टी. द्राक्षाच्या फवारणीचा थर पॅनेलवर पांढरा साचतो, तो नुसत्या पाण्याने जात नाही, फडक्याने पुसावा लागतो. पॅडलला शेवाळाचे दोरे गुंडाळले की मोटर 420 ऐवजी 480-490 वॅट ओढायला लागते, आणि ते कंट्रोलरवर दिसतं.

सध्या पाणी 21 अंशावर आहे, मासे खातातच कमी. पहाटे पाच ते सात चालवलं तरी डीओ पाचच्या खाली गेलेला नाही. मार्चमध्ये परत गाठ मारलेली दोरी घेऊन उतरणार आहे, कारण या वेळी बोटुकली दीडपट सोडलीय आणि अण्णा म्हणतात, "गेल्या साली तीनला लावलं म्हणून औंदाबी तीनलाच लावायचं व्हय?"