प्रीमियरचं पान: आमंत्रणासारखं सजवावं की माहितीपटासारखं?

सांगलीतले बरेच छोटे चॅनल आता माहितीपट, एकांकिका, गाणी यूट्यूबवर प्रीमियर करून सोडतात, म्हणजे व्हिडिओ ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकदमच दिसायला लागतो आणि सोबत चॅटवर बोलता येतं. ठरलेल्या वेळेआधी जे पान तयार होतं, त्याच्या शीर्षकात, डिस्क्रिप्शनमध्ये आणि चॅटमध्ये काय लिहायचं यावर मात्र प्रत्येक टीममध्ये दोन तट पडतात. एक गट म्हणतो, पान आमंत्रणपत्रिकेसारखं असावं, म्हणजे वार, वेळ, "नक्की या" सगळं ठळक. दुसरा गट म्हणतो, पानावर विषय असावा, वेळ यूट्यूब दाखवतंच. मी दुसऱ्या गटात आहे, पण चॅटच्या बाबतीत पहिल्या गटाचं पुष्कळ बरोबर आहे.

उदाहरण म्हणून हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरचा 24 मिनिटांचा माहितीपट घेऊ. शनिवार, 14 डिसेंबर, रात्री 8 ही वेळ ठरली आहे. आमंत्रण पद्धतीचं शीर्षक असं होईल: "प्रीमियर! शनिवारी रात्री 8 वाजता | नक्की पाहा | हरिपूरची हळदीची पेवं". विषय पद्धतीचं असं: "हरिपूरची हळदीची पेवं: जमिनीखाली हळद कशी टिकायची".

पहिल्यात दोन अडचणी आहेत. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जातात, त्यामुळे जागा वाटते त्यापेक्षा लवकर संपते. शिवाय मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच कापलं जातं, आणि इथे कापला जाणारा भाग नेमका "हळदीची पेवं" हा असतो. दुसरी अडचण मोठी आहे. प्रीमियर संपला की पान बदलत नाही. त्याच लिंकवर तोच व्हिडिओ नेहमीच्या व्हिडिओसारखा राहतो. यूट्यूब स्टुडिओत शीर्षक केव्हाही बदलता येतं हे खरं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवताना जो चौकोन तयार होतो, तो पाठवला त्या क्षणीचा असतो. नंतर तुम्ही शीर्षक बदललंत तरी गावच्या ग्रुपमध्ये गेलेल्या चौकोनात "शनिवारी रात्री 8" तसंच राहतं. सोमवारी तो चौकोन पाहणाऱ्याला वाटतं, कार्यक्रम होऊन गेला. वेळ पुढे ढकलावी लागली तर आणखी गोंधळ, कारण पानावरची वेळ नवी दिसते आणि शीर्षकातली जुनी. बरं, पानावरची वेळ पाहणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते. दुबईतल्या भावाला ती त्याच्या वेळेत दिसेल, शीर्षकातले "रात्री 8" मात्र सांगलीचेच राहतील.

म्हणून वेळ शीर्षकात घालू नका, लिंकसोबतच्या मेसेजमध्ये लिहा. तिथे ती हवी तेवढी ठळक करा.

डिस्क्रिप्शनमध्ये फरक कमी आहे, पण एक क्रम पाळावा. मोबाइलवर ते मिटलेलं असतं, बहुतेक जण उघडतच नाहीत. पहिलं वाक्य मात्र लिंकच्या चौकोनातही डोकावतं, म्हणून तिथे विषय हवा: "हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. ही पेवं कशी खणली, कशी झाकली, ते सांगताहेत त्यांत काम केलेले लोक." वेळेची ओळ दुसरी, आणि तीत "आज" किंवा "उद्या" न लिहिता पूर्ण तारीख. तिथेच लिहून टाका की 8 वाजता काउंटडाउन सुरू होईल आणि माहितीपट त्यानंतर. हे सांगावंच लागतं, कारण ठरल्या वेळेला व्हिडिओ सुरू होत नाही, काउंटडाउन सुरू होतो. तो नेहमीचा 2 मिनिटांचा असतो. 8 वाजता पान उघडणाऱ्या आजोबांना फक्त संगीत आणि आकडे दिसतात आणि "अरे, नेट गेलं का?" म्हणून ते बाहेर पडतात. ही ओळ माहितीपट झाल्यावर लगेच काढून टाकायची. मी तर ती काढण्याचं काम आधीच एका माणसाकडे सोपवतो, नाहीतर वर्षभर तशीच राहते.

चॅटमध्ये खरा निर्णय आहे. पान तयार झालं की चॅटही उघडं होतं. त्यामुळे पान किती आधी करायचं आणि चॅटमध्ये काय लिहायचं, हे एकत्रच ठरतं. आठवडाभर आधी केलेल्या पानाला रिमाइंडर लावायला जास्त लोक मिळतात. रिमाइंडर लावणाऱ्याला साधारण अर्धा तास आधी सूचना जाते, पुन्हा सुरुवातीला जाते. पण तेवढे दिवस चॅट रिकामं दिसतं, नाहीतर कोणीतरी कर्जाच्या अ‍ॅपची लिंक टाकून जातो. चॅटवर रोज लक्ष ठेवायला माणूस नसेल तर मला दोन दिवस पुरेसे वाटतात. गुरुवारी संध्याकाळी पान, शनिवारी प्रीमियर. व्हिडिओ मात्र त्याआधीच खासगी ठेवून अपलोड करा आणि कॉपीराइटची तपासणी पूर्ण होऊ द्या. पार्श्वसंगीतावर कोणाचा दावा निघाला तर तो लोक जमण्याच्या आधी कळलेला बरा. व्हिडिओ एकदा सार्वजनिक केला की त्याचा प्रीमियर करता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

पिन करायच्या मेसेजचे दोन नमुने पाहा. "सर्वांचं स्वागत! लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा!" यावर कोणी काय उत्तर देणार? दुसरा: "नमस्कार. काउंटडाउन 8 ला, माहितीपट 8:02 ला. तुमच्या घरी पेव होतं का? कुठल्या गल्लीत, ते लिहा." यावर उत्तरं येतात, कारण विचारलेलं नेमकं आहे. एका मेसेजला 200 अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून एकच प्रश्न ठेवा. माहितीपट सुरू झाला की नवा प्रश्न टाकू नका, लोक पाहण्यात असतात. संपायच्या थोडं आधी आभाराचा मेसेज पिन केला की झालं.

सेटिंगमध्ये लिंक अडवणं सुरू ठेवा. दोन मेसेजमध्ये 10-15 सेकंदांचं अंतर पुरे, मिनिटाचं ठेवलंत तर गप्पाच तुटतात. फक्त सबस्क्राइबरांना बोलू देणं छोट्या चॅनलला परवडत नाही, कारण कलाकारांचे नातेवाईक बहुधा सबस्क्राइबर नसतात आणि पहिल्या दिवशी बोलणारे तेच असतात. अडवायच्या शब्दांच्या यादीत शिव्या देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे घाला. रोमनमध्ये एकाच शब्दाची तीन-चार स्पेलिंगं चालतात, तीही सगळी घालावी लागतात. व्हिडिओ "मुलांसाठी" म्हणून नोंदवला असेल तर चॅट मिळणारच नाही. बालनाट्य करणाऱ्यांनी त्यामुळे हा सगळा विचार सोडून द्यावा.

प्रीमियरआधी पानावर ट्रेलर लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्याला किमान 1000 सबस्क्राइबर लागतात.

आता प्रीमियर घ्यावा की साधं शेड्यूल? साध्या शेड्यूलमध्ये वेळ होईपर्यंत व्हिडिओ कोणालाच दिसत नाही, शीर्षक दहा वेळा बदललं तरी चालतं आणि आलेला प्रेक्षक हवं तिथे पुढे जाऊ शकतो. प्रीमियर चालू असताना प्रेक्षकाला व्हिडिओ पुढे पळवता येत नाही, मागे जाता येतं. हरिपूरच्या माहितीपटात काम केलेले लोक, त्यांचे शेजारी, पुण्या-मुंबईला गेलेली मुलं अशी तीस-चाळीस माणसं एका वेळी बसणार असतील आणि चॅटवर कोणीतरी उत्तरं द्यायला असेल, तर प्रीमियर घ्या. हे दोन्ही नसेल तर "Set as Premiere" वर टिक न करता शनिवार रात्री 8 ची वेळ लावून मोकळे व्हा.