जरबेराचं पॉलिहाऊस की उघड्यावरचा झेंडू: सोलापुरातला दीड वर्षाचा हिशोब

मोहोळकडची आमची शेती आहे. 2024 च्या दिवाळीनंतर 10 गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं केलं, जानेवारीत जरबेरा लावला. शेजारच्या 20 गुंठ्यात आधीपासून झेंडू असतोय, तो तसाच चालू ठेवला. एकाच बांधावर दोन्ही असल्यामुळं बरेच जण फोन करून विचारतात की नक्की परवडतं काय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमच्याकडं थोडे इकडंतिकडं होतील.

आधी खर्च. स्ट्रक्चर, प्लास्टिक, ड्रिप, फॉगर सगळं धरून 12 लाखाच्या आसपास. आपली काळी माती जरबेऱ्याला चालत नाही, मुळाशी पाणी धरून ठेवते, म्हणून लाल माती बाहेरून आणावी लागते, त्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळून बेड भरायचे, ते दोन लाखाला गेलं. रोपं सहा हजार, 35 रुपयानं. म्हणजे 16 लाखाला हात लागला. सबसिडी 50 टक्के म्हणतात पण ती सरकारी मापदंडाच्या दरावर मिळते, तुमच्या बिलावर नाही, आणि तो दर बाजारापेक्षा कमीच असतो. मला पावणेपाच लाखाच्या आत मिळाली, ती पण काम पूर्ण होऊन पाहणी झाल्यावर, थेट कर्जखात्याला. तोपर्यंत व्याज आपलंच. आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात यायच्या आधी काम सुरू करू नका, नाहीतर सबसिडी विसरा.

झेंडूला काय, 20 गुंठ्याला रोपं, मल्चिंग, खत, फवारणी, तोडणी धरून एका प्लॉटला 40-45 हजार. तिथं पडला तरी माणूस पुन्हा उठतो.

आता मेन गोष्ट, जी कोटेशन देणारा कधीच बोलत नाही. पाणी. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी जड आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण जड म्हणजे किती हे कोण मोजत नाही. माझ्या बोअरचा ईसी 1.9 आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती आहेत त्याचं माप. जरबेऱ्याला रोज ड्रिपनं विद्राव्य खत द्यावं लागतं, खत म्हणजे पण क्षारच, त्यानं ईसी अजून एकनं वाढतो. म्हणजे मुळाला जवळजवळ 2.9 चं पाणी जाणार आणि जरबेऱ्याचं मूळ हे झेपवत नाही. पहिल्यांदा पानाच्या कडा करपतात, मग दांडा आखूड पडतो, फूल दिसायला चांगलं असतं पण दांडा 35-40 सेंटीमीटरवरच थांबतो आणि आडत्या त्याला सरळ दोन नंबरला टाकतो.

दुसरं लक्षण नव्या पानांवर दिसतं. शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पिवळा. दुकानदार फेरस देतो, आपण सोडतो, आठ दिवस बरं वाटतं आणि परत तेच. कारण मातीत लोह नाही असं नसतंय, पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळं पीएच साडेसातच्या वर जातो आणि असलेलं लोह पण झाडाला उचलता येत नाही. त्यासाठी टाकीत ॲसिड टाकून पीएच सहाच्या आसपास आणावा लागतो, ड्रिपरच्या तोंडावर साचणारा पांढरा थर पण त्यानं कमी होतो. (ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, ॲसिडवर पाणी ओतायचं नाही, आणि हातमोजे घाला राव.) पण ॲसिडनं पीएच उतरतो, ईसी उतरत नाही, हे नीट समजून घ्या. क्षार तिथंच राहतात. ईसी कमी करायला गोडं पाणी मिसळणं हाच स्वस्तातला उपाय.

ते पाणी कुठनं आणायचं तर पॉलिहाऊसच्याच छतावरनं. गटरला पाईप जोडून खाली अस्तरीकरण केलेलं शेततळं केलं. हजार चौरस मीटरचं छत आणि आपला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटर धरला तर साडेपाच लाख लिटर होतं, वाया जाणारं आणि उडणारं सोडून साडेचार लाख तरी हाताला लागतं. झाडाला रोज 600-700 मिली धरलं तर सहा हजार झाडांना चार हजार लिटर. नुसतं पावसाचं दिलं तर पावणेचार महिन्यात तळं कोरडं, पण अर्धं बोअर अर्धं तळं केलं तर साडेसात महिने पुरतं आणि पाण्याचा ईसी एकच्या जवळपास येतो. हे सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यात नवीन दांडे 50 च्या पुढं गेले. पॉलिहाऊसच्या प्लॅनमध्ये शेततळं नसेल तर आपल्याकडं तो प्लॅन अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि झेंडू? तो हेच बोअरचं पाणी पिऊन उभा आहे, त्याला काय फरक पडत नाही.

उन्हाळा हा दुसरा विषय. एप्रिल-मेमध्ये बाहेर 42-43 झालं की आत शेडनेट ओढून, फॉगर चालवून पण जरबेरा वैतागतो. फूल लहान, पाकळी पातळ, रोजची सहाशे फुलं तीनशेवर येतात. आणि नेमकी तीच लग्नसराई. फॉगरला पण तळ्यातलंच पाणी लागतं, बोअरचं वापरलं की नोझल बंद आणि पानांवर पांढरे डाग. लाल कोळी याच दिवसात येतो, पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली की समजायचं उशीर झालाय.

तोडणीचं पण सांगतो कारण यात माल खराब होतो. जरबेरा कापायचा नाही, दांडा बुडाशी धरून बाजूला वाकवून ओढायचा. कापला तर राहिलेलं बुडूख कुजतं आणि रोग झाडात शिरतो. फुलाच्या मधल्या चकतीत बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलल्या की तयार. त्याआधी काढलं तर बाजारात पोचेपर्यंत मान टाकतं. सकाळी काढून लगेच बादलीत, मग प्रत्येक फुलाला पिशवी, दहाची गड्डी, बॉक्स, आणि संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं हैदराबाद किंवा पुणे. सोलापुरात डेकोरेशनवाले घेतात पण रोज सहाशे फुलं इथं खपत नाहीत.

आता पैसे. दोन बायका कायम कामाला, खत, फवारणी, लाईट धरून महिन्याला 38 हजार. कर्जाचा हप्ता महिन्यावर आणला तर 16 हजार. तीन वर्षांनी रोपं बदलायची, प्लास्टिक पण तेवढ्यातच जातं, त्याला तीन लाख तरी लागणार म्हणून महिन्याला आठ हजार बाजूला. झाले 62 हजार. महिन्याला सरासरी साडेपंधरा हजार फुलं निघतात, म्हणजे पॅकिंग, भाडं, आडत जाऊन फुलाला चार रुपये पडले तर आपण बरोबरीत. लग्नाच्या तिथी दाट असल्या की सहा-सात पण मिळतात, चातुर्मासात दीड-दोनवर येतं, पितृपक्षात तर आडत्या फोन उचलत नाही. आणि झाड काय थांबत नाही, फूल रोज येतंच, नाही काढलं तर पुढचं फूल बिघडतं, म्हणजे दर नसला तरी मजुरी चालूच. गेल्या वर्षाची माझी सरासरी चार रुपये साठ पैसे आली. महिन्याला नऊ हजार राहिले, वर्षाला एक लाख दहा हजार. कर्ज फिटल्यावर ते महिन्याला 25 हजार होतील, पण त्याला अजून वेळ आहे. यूट्यूबवर एका वर्षात कर्जमुक्त झालेले जे भेटतात त्यांना दर कुठं मिळतो देव जाणे.

झेंडूचं त्याच काळातलं ऐका. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता, ते धरून जुलैच्या शेवटी लागण केली. सप्टेंबरात सीनेला पूर आला ते सगळ्यांनी बघितलंय. आमचं रान नदीपासून लांब, पूर आला नाही, पण सलग पावसानं फुलं भिजून काळी पडली, वाफ्यात पाणी साचून झाडं उलथली. 45 हजार घालून 12 हजार आले. दसऱ्याला ज्याच्याकडं कोरडा माल होता त्यानं मागेल तो दर घेतला, आम्ही बघत बसलो. नंतरचा हिवाळी प्लॉट 26 हजार देऊन गेला आणि उन्हाळी प्लॉटनं 53 हजार दिले. तोटा वजा करून वर्षाला 46 हजार, 20 गुंठ्यात.

त्याच पावसात पॉलिहाऊस उभं होतं, झाडाला काही झालं नाही. पण पडदे बंद ठेवावे लागले, आत दमट झालं, पाकळ्यांवर ठिपके आले, आणि लांबोटीला पाणी आल्यानं पुण्याचा रस्ता बंद पडला तेव्हा भरलेले बॉक्स शेडमध्येच सुकले. पाऊस अडवता येतो, रस्ता अडला की काय करणार. वाऱ्याचं वेगळं. वळवाच्या वाऱ्यात एका कोपऱ्याची पट्टी सुटली आणि प्लास्टिक फडफडायला लागलं, रात्रीच शिडी लावून घट्ट केली म्हणून वाचलं. मेच्या आधी सगळ्या पट्ट्या आणि स्प्रिंगा एकदा हातानं ओढून बघा.

आकड्यात जरबेरा पुढं आहे, निम्म्या जागेत दुपटीच्या वर. पण झेंडू बुडाला तर 33 हजार गेले आणि पुढच्या महिन्यात रान मोकळं. जरबेऱ्याचा दर सलग तीन-चार महिने पडला तर हप्ता खिशातनं जातो आणि झाड उपटता पण येत नाही. त्यामुळं घरातलं एक माणूस रोज सकाळी आत असेल, शेततळं असेल, आणि सहा महिन्यांचे हप्ते फुलांवर अवलंबून न राहता भरता येत असतील तरच पॉलिहाऊस करा. नोकरी करून, गड्यावर सोपवून करणार असाल तर झेंडू किंवा शेवंतीच बरी.

मला दुसरं 10 गुंठे वाढवायचा आग्रह होतोय, सध्या नाही म्हणालोय. पहिलं प्लास्टिक बदलायचे पैसे साठल्यावर बघू. पाण्याचा रिपोर्ट असेल तर ईसी, पीएच आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे तेवढे कमेंटमध्ये टाका, जमेल तसं सांगतो.